गर्भपातानंतर अंगावर किती दिवस जातं आणि पाळी कधी येते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपाताबद्दल आहेत. गर्भ आपोआप पडलेला असो, गोळ्या घेऊन पाडलेला असो, की दवाखान्यात पिशवी साफ करून घेतलेली असो. चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या गर्भपाताचा हिशोब वेगळा असतो, तो इथे नाही. ओपीडीत हे प्रश्न बहुतेक वेळा तपासणी संपल्यावर, दाराशी उभं राहून, हळू आवाजात विचारले जातात. इथे जरा बसून उत्तरं दिली आहेत.

## पाळी नक्की कधी येते?

बहुतेकींना ४ ते ६ आठवड्यांत. काहींना सातवा-आठवा आठवडाही लागतो. आधीपासून पाळी पुढे-मागे होणाऱ्या, पीसीओडी असलेल्या किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला थोडा जास्त वेळ लागला तर त्यात नवल नाही.

गोंधळ होतो तो दिवस मोजताना. बऱ्याच जणी रक्त जायचं थांबलं त्या दिवसापासून मोजतात आणि मग "दीड महिना झाला तरी नाही आली" किंवा "लवकर आली" असं वाटत राहतं. मोजायचं ते गर्भ पडला त्या दिवसापासून. गोळ्या घेतल्या असतील तर पहिली एकटी गोळी (मिफेप्रिस्टोन) सोडून द्या. नंतरच्या चार गोळ्या (मिसोप्रोस्टॉल) घेतल्यावर जोरात रक्त गेलं तो दिवस धरा. पिशवी साफ केली असेल तर ती केली तो दिवस. त्या तारखेवर कॅलेंडरात खूण करून ठेवा. पुढची प्रत्येक गोष्ट त्या खुणेपासून मोजायची आहे.

## मग पाळी येईपर्यंत तरी दिवस राहण्याची भीती नाही ना?

आहे. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आपल्याकडे पक्का समज आहे की पाळी म्हणजे सुरुवात, ती एकदा आली की मग पुढचं चक्र. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. आधी अंडाशयातून बीज बाहेर पडतं आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, तीही गर्भ राहिला नाही तरच. म्हणजे गर्भपातानंतरची पहिली पाळी दिसेपर्यंत बहुतेकींचं बीज एकदा येऊन गेलेलं असतं.

किती लवकर? लवकरात लवकर आठव्या दिवशीही बीज बाहेर पडल्याचं आढळलेलं आहे. आठव्या दिवशी सगळ्यांचंच येतं असं नाही, सरासरी तीन आठवड्यांच्या आसपास आहे. पण तुम्ही सरासरीतल्या आहात की लवकरच्या, हे तुम्हाला आधी कळायचा मार्ग नाही. त्यात पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतं. त्यामुळे हलके डाग लागत असतानाच्या दिवसांत आलेला संबंधही कधी कधी मोजावा लागतो.

गोळ्यांनी झालं की पिशवी साफ करून, यानं या वेळेत मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो गर्भ किती आठवड्यांचा होता यानं. ते का, ते खाली.

## शरीराला कसं कळतं की आता पुन्हा बीज तयार करायचं?

गर्भ राहिला की त्याच्या भोवतीचा भाग एचसीजी नावाचं संप्रेरक तयार करतो. लघवीच्या तपासणीत, म्हणजे युपीटीच्या पट्टीवर, दुसरी रेघ उमटवतं ते हेच. एचसीजी अंडाशयाला सांगत असतं की गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बनवत राहा. तो निरोप चालू आहे तोवर मेंदू नवं बीज वाढवायच्या मागे लागत नाही.

गर्भ पडला की एचसीजी बनवणारा कारखानाच बंद होतो. पण रक्तात आधीच असलेलं एचसीजी एका दिवसात जात नाही. सुरुवातीला ते दर दिवस-दीड दिवसात अर्धं होतं, नंतर उतरण्याचा वेग मंदावतो. आता हिशोब करा. नवव्या आठवड्यात एचसीजी एक लाखाच्या घरात असू शकतं आणि साधी पट्टी २५ च्या आसपासही दुसरी रेघ दाखवते. एक लाखाचं अर्धं, त्याचं अर्धं, असं करत २५ वर यायला बारा वेळा अर्धं व्हावं लागतं. पाचव्या आठवड्यात एचसीजी दोन-तीन हजारच असेल, तर सहा-सात वेळा पुरे. म्हणून लवकर संपलेल्या गर्भानंतर सगळं लवकर पूर्ववत होतं आणि उशिरा संपलेल्यानंतर जरा उशिरा.

यातली फसवी बाब अशी की बीज बाहेर पडायला एचसीजी पूर्ण शून्य व्हावं लागत नाही. पट्टीवर अजून फिकट दुसरी रेघ दिसत असतानाही अंडाशय कामाला लागलेलं असू शकतं.

## पाळी न येताच दिवस राहिले तर ते कळतं कसं? जुनं आहे की नवं?

एक उदाहरण तारखांसकट घेऊ. अशी पेशंट कुठल्याही तालुक्याच्या ओपीडीत वर्षातून एकदा तरी दिसते.

बाईचा गर्भ सात आठवड्यांचा. ५ मे रोजी सकाळी मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या घेतल्या. दुपारपर्यंत पोटात कळा, गाठींसकट जोरात रक्त, संध्याकाळी कमी. पुढे चार-पाच दिवस पाळीसारखं, मग तपकिरी डाग, आणि १५ मे रोजी सगळं थांबलं. दोन आठवड्यांनी दाखवायला या, असं सांगितलेलं होतं. पण रक्त थांबलं, बरं वाटतंय, भाड्याचे दोनशे रुपये कशाला घालवायचे म्हणून ती गेली नाही. २० मेच्या सुमारास नवराबायको जवळ आले. पाळी अजून आलेलीच नाही, म्हणजे काही होणार नाही, असं दोघांनी धरलं.

समजा तिचं बीज २४ मेला, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी बाहेर पडलं. अगदी नेहमीचा दिवस. गर्भ राहिला नसता तर ७ जूनच्या आसपास पाळी आली असती. ती आली नाही. तिला वाटलं उशीर होतोय, होतो म्हणतात. १५ जूनला मळमळ सुरू झाली, पट्टी आणली, दोन ठळक रेघा. आता घरात दोन तर्क: गोळ्या लागूच झाल्या नाहीत, किंवा जुनाच अंश आत राहिलाय. तिसरी शक्यता कुणाच्या मनातही नाही.

२० जूनला सोनोग्राफी झाली. ५ मेला सात आठवडे असलेला गर्भ वाढत राहिला असता, तर तो आज साडेतेरा आठवड्यांचा दिसायला हवा होता. पडद्यावर दिसली ती सहा आठवड्यांच्या आसपासची छोटी थैली. म्हणजे जुना गर्भ गेला होता, हा नवा आहे. गर्भाचं वय बीज सुटायच्या दोन आठवडे आधीपासून मोजतात. २४ मेच्या मागे दोन आठवडे म्हणजे १० मे, आणि तिथून २० जूनपर्यंत ४१ दिवस. हिशोब जुळतो.

तिनं २ जूनच्या सुमारास, म्हणजे चार आठवडे झाल्यावर युपीटी केली असती, तर बहुधा एकच रेघ आली असती आणि जुना विषय तिथेच मिटला असता. नंतर दोन रेघा आल्या असत्या तर त्या नव्याच, हे घरबसल्या कळलं असतं. मध्ये अशी एक निगेटिव्ह तपासणी असणं किती कामाचं असतं, ते अशा वेळी कळतं.

सोनोग्राफीत काहीच स्पष्ट दिसत नसेल, तर रक्तातलं बीटा एचसीजी ४८ तासांच्या अंतरानं दोनदा करतात. आकडा उतरत असेल तर बहुधा जुनं ओसरतंय. झपाट्यानं चढत असेल तर नवा गर्भ. धड उतरत नाही, धड चढत नाही, तर गर्भ नळीत अडकलाय का, हे तातडीनं पाहावं लागतं.

## मधल्या दिवसांत अंगावर किती आणि कसं जातं?

गर्भ कसा गेला यावर ते अवलंबून आहे, म्हणून शेजारणीला किंवा जावेला किती दिवस गेलं, याच्याशी तुलना करून उपयोग नाही.

गोळ्यांनी केलेल्या गर्भपातात मिसोप्रोस्टॉल घेतल्यावर साधारण एक ते चार तासांत रक्त सुरू होतं. पहिले काही तास पाळीपेक्षा बरंच जास्त जातं, कळा येतात, लिंबाएवढ्या गाठीही पडतात. नेमकं याच वेळी घरातले घाबरतात. खरं तर गोळ्या लागू झाल्याची ती खूण आहे. गर्भ पडून गेला की जोर उतरतो. मग आठवडाभर पाळीसारखं, नंतर कमी, आणि एकूण दीड-दोन आठवड्यांत बहुतेकींचं थांबतं. काहींना मात्र पुढची पाळी येईपर्यंत अधूनमधून डाग लागतच राहतात. रोज एखादा डाग, तपकिरी, वास नाही, ताप नाही, तर एवढ्यावरून काही राहिलंय असं म्हणता येत नाही.

आपोआप गर्भ पडला आणि पूर्ण पडला, तर चित्र असंच, फक्त सुरुवात हळू असते. आधी डाग, मग एक दिवस जोरात, मग आठवडा ते दोन आठवडे उतरत जातं.

पिशवी साफ केल्यावर कमी जातं, कारण आतलं बरंचसं टेबलावरच निघालेलं असतं. काहींना पहिले दोन दिवस जवळजवळ काहीच जात नाही आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अचानक कळा येऊन पाळीएवढं जातं. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की बाई रात्री अकराला रिक्षा करून परत दवाखान्यात येते. एका दिवसात ओसरलं तर काळजीचं नाही.

रंगाबद्दलही विचारतात. लाल म्हणजे ताजं, तपकिरी किंवा काळपट म्हणजे आत थोडं थांबून आलेलं. काळपट रक्त "विषारी" नसतं.

## किती गेलं म्हणजे जास्त?

मोजायचं माप पॅड. मोठे पॅड तासाला दोन पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर थांबू नका, निघा. पूर्ण भिजणं म्हणजे पॅड कडेपर्यंत जड होऊन मागून कपड्याला लागणं. वर मध्यभागी लाल दिसणं म्हणजे पूर्ण भिजणं नव्हे. घरी कापड वापरत असाल तर या दिवसांपुरते तरी पॅड आणा, कारण कापडावर किती गेलं याचा अंदाज येत नाही आणि डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

पॅड कमी भिजत असले तरी उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येणं, छाती धडधडणं, हातपाय गार पडणं, ही लक्षणं असतील तर तितकंच तातडीचं. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी असतं. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई जे सोसेल, ते ७ असलेलीला सोसणार नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर चालतो.

आणखी तीन गोष्टींसाठी त्याच दिवशी जायचं. मिसोप्रोस्टॉल घेतलेल्या दिवशी थंडी वाजून थोडा ताप येतो, तो गोळीचाच असतो. पण दुसऱ्या दिवसापासून पुढे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला तर तो जंतुसंसर्गाचा असू शकतो. दुसरी, घाण वास येणारा पांढरा-पिवळा स्राव किंवा रक्त. तिसरी, पोटात एका बाजूला वाढत जाणारी कळ, किंवा पोटाबरोबर खांदा दुखणं.

ही तिसरी सगळ्यात जास्त फसवते. सोनोग्राफी न करता मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या आणि गर्भ पिशवीत नसून नळीत असेल, तर गोळ्यांनी तो जात नाही. थोडंसं रक्त जातं, बाईला वाटतं झालं काम, आणि आत नळी फुटायच्या बेतात असते. म्हणून गोळ्यांनंतर "फारच कमी गेलं" ही आनंदाची बातमी नाही. मिसोप्रोस्टॉल घेऊन २४ तास झाले आणि काहीच गेलं नाही, किंवा नुसते डाग आले, तर डॉक्टरांना कळवा.

## "जाऊ दे, घाण आहे ती, पिशवी साफ होते." सासूबाई असं म्हणतात. खरं का?

नाही. पिशवीत घाण साठलेली नसते. जातं ते अस्तर आणि रक्त, आणि शरीरातून गेलेलं रक्त भरून काढायला महिने लागतात. या एका वाक्यापायी बायका दोन-दोन दिवस जोरात रक्त जात असताना घरी बसलेल्या मी पाहिल्या आहेत. सासूबाईंचा हेतू वाईट नसतो. त्यांच्या वेळी त्यांनाही असंच सांगितलेलं असतं.

उलट टोकाचा प्रकारही आहे. मेडिकलवाल्याला विचारून रक्त थांबवायची किंवा पाळी पुढे ढकलायची गोळी आणणं. आत काही अडकलं असेल तर गोळीनं दोन दिवस बरं वाटतं आणि दुखणं आत वाढत राहतं. ती गोळी बंद केली की पुन्हा रक्त येतं, मग ही पाळी की काय, असा नवा गोंधळ.

## थांबलेलं रक्त पुन्हा सुरू झालं. ही पाळी समजू का?

कॅलेंडरावरच्या त्या खुणेपासून दिवस मोजा. बीज लवकरात लवकर आठव्या दिवशी, त्यानंतर साधारण चौदा दिवसांनी पाळी, म्हणजे बाविसाव्या दिवसाच्या आधी खरी पाळी येणं जवळजवळ अशक्यच. बाराव्या, पंधराव्या दिवशी पुन्हा रक्त दिसलं तर ते गर्भपाताचंच उरलेलं धरा. जड सामान उचललं, दिवसभर उभं राहून काम झालं किंवा संबंध आला की असं होतं. पण ते जोरात असेल तर दाखवा, कारण दहा-पंधरा दिवसांनी जोरात रक्त येणं ही आत अंश राहिल्याची एक नेहमीची खूण आहे.

चार आठवड्यांच्या पुढे, मध्ये आठ-दहा दिवस कोरडे जाऊन, कंबर-पोट दुखून, नेहमीसारखं वाढत जाऊन चार-पाच दिवसांत ओसरलं, तर ती पाळी. त्या दिवसापासून नवं चक्र मोजा.

## सोनोग्राफीत "थोडं शिल्लक आहे" लिहिलंय. पुन्हा क्युरेटिंग करावं लागेल?

बऱ्याचदा नाही. माझं यावर जरा ठाम मत आहे.

गोळ्यांनंतर पहिल्या दोन आठवड्यांत पिशवीचं अस्तर जाड दिसणं, आत रक्ताच्या गाठी दिसणं हे अगदी नेहमीचं आहे. रिपोर्टमध्ये अमुक मिलिमीटर लिहिलेलं असतं आणि बाई तो आकडा धरून रडत येते. पण नुसत्या अस्तराच्या जाडीवरून पिशवी पुन्हा साफ करायचं ठरवू नये. बघायचं ते बाईकडे: रक्त वाढतंय की उतरतंय, ताप आहे का, पोट दुखतंय का. उतरत असेल आणि ती बरी असेल तर पहिल्या पाळीपर्यंत थांबता येतं. उरलंसुरलं बरेचदा त्या पाळीत निघून जातं. गरज वाटली तर मिसोप्रोस्टॉलचा आणखी एक डोस देता येतो.

रक्त जोरात चालूच असेल, संसर्ग असेल, किंवा गर्भाची थैलीच आत असेल, तर मात्र साफ करणं भाग आहे. तेव्हा विचारा की खरवडून करणार की सक्शननं. सक्शन जास्त सुरक्षित. वारंवार खरवडलं की पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटायचा धोका वाढतो, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

## युपीटी कधी करायची?

चार आठवड्यांनी. दहाव्या दिवशी केली आणि दोन रेघा आल्या, तर तुम्ही फक्त जुनं एचसीजी पाहिलंय. हा फोन मला इतक्या वेळा येतो की गोळ्या देतानाच मी पट्टी करायची तारीख चिठ्ठीवर लिहून देतो.

चार आठवड्यांनीही काहींची रेघ फिकट येते, विशेषतः गर्भ आठ-नऊ आठवड्यांचा असेल तर. अशा वेळी आठवड्यानं पुन्हा करा. पहिल्यापेक्षा फिकट झाली तर ठीक. तशीच राहिली किंवा ठळक झाली, तर तपासून घ्या. क्वचित द्राक्षगर्भ असतो, म्हणजे गर्भाऐवजी द्राक्षाच्या घोसासारखी वाढ. त्यात एचसीजी उतरायला नकार देतं आणि त्याची तपासणी महिनोन्महिने करावी लागते.

## पहिली पाळी नेहमीसारखी असेल का?

काहींना जास्त जाते, गाठी पडतात, एखादा दिवस वाढतो. काहींना अगदी कमी. दोन्ही चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीपासून आपलं जुनं चक्र ओळखीचं वाटायला लागतं.

## दोन महिने झाले, पाळी नाही.

आधी युपीटी, वरचं उदाहरण आठवून. ती निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांकडे.

गर्भनिरोधक काय घेताय हेही त्यांना सांगा. अंतरा इंजेक्शननं पाळी अनियमित होते किंवा बंदच राहते, छाया गोळीनं लांबते. त्यात काही बिघाड नाही, औषधाचा तो परिणाम आहे.

पिशवी खरवडून साफ केलेली असेल, त्यानंतर पाळी आलीच नाही किंवा नुसते थेंब आले, आणि दर महिन्याला ठरावीक दिवसांत पोट मात्र दुखतंय, तर आत भिंती चिकटल्याची शंका घ्यावी लागते. बीज वेळेवर येतंय, शरीर महिना पाळतंय, पण रक्ताला तयार व्हायला अस्तर नाही किंवा बाहेर यायला वाट नाही, असा तो प्रकार. दुर्बिणीनं पिशवीच्या आत पाहून निदान होतं आणि त्याच वेळी चिकटलेलं सोडवताही येतं. पाळी आणायच्या गोळ्या महिनोन्महिने घेत बसण्यात वेळ जातो.

## गर्भनिरोधक कधीपासून सुरू करायचं?

पाळीची वाट पाहायची नाही. "पाळी आली की ये, मग तांबी बसवू" हा सल्ला अजून ऐकू येतो, आणि मधल्या महिन्यात काय होऊ शकतं ते वर वाचलंच.

पिशवी साफ करत असतानाच त्याच टेबलावर तांबी बसवता येते. गोळ्यांनी केलं असेल तर गर्भ पूर्ण पडल्याची खात्री झाली की लगेच. माला-एनसारख्या गोळ्या त्याच दिवसापासून चालतात, आणि पहिल्या सात दिवसांत सुरू केल्या तर वेगळी काळजी घ्यावी लागत नाही. या पाकिटातल्या शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या चालू असताना रक्त येतं. ते गोळ्यांच्या चक्राचं असतं, म्हणून त्यावरून "माझं बीज सुरू झालं" असा अर्थ काढू नका. निरोध कधीही चालतो.

संबंधांबद्दल विचारायला संकोच वाटतो म्हणून इथेच लिहितो. रक्त पुरतं कमी होईपर्यंत, साधारण दोन आठवडे, थांबायला सांगतात. पण आठवा दिवस या दोन आठवड्यांच्या आतच येतो, हे विसरू नका.

## आम्हाला मूल हवं होतं. पुन्हा प्रयत्न कधी करू?

मिसकॅरेजनंतर सहा महिने थांबायचा सल्ला बरीच वर्षं दिला जायचा. आता तेवढं थांबण्याची सरसकट गरज मानत नाहीत. लवकर दिवस राहिले म्हणून पुढचा गर्भ पडण्याचा धोका वाढल्याचं दिसत नाही. एक पाळी येऊ द्या असं सांगतात ते मुख्यतः तारीख मोजणं सोपं जावं म्हणून. पाळी न येताच राहिलं तरी घाबरू नका, सोनोग्राफीवरून वय काढता येतं. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आत्तापासूनच सुरू करा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. द्राक्षगर्भ असेल किंवा लागोपाठ गर्भ पडत असतील, तर तुमच्या डॉक्टरांचं वेळापत्रक वेगळं असेल, तेच पाळा.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागतं का, हे गर्भपाताच्या वेळीच विचारा. अगदी लवकरच्या गर्भपातात ते द्यावं की नाही यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. द्यायचं ठरलं तर ७२ तासांच्या आत देतात, म्हणून हा प्रश्न पाळी येईपर्यंत ठेवू नका.

## पपई, तीळ, गूळ, काढा यांनी पाळी लवकर येते का?

नाही. बीज बाहेर पडलं की दोन आठवड्यांनी ती येते, ताटात काय वाढलंय याच्याशी तिचा संबंध नाही. खायला हरकत कशाचीच नाही. गुळाचा काढा प्यायलाच तर लोहाची गोळी त्याच्या जागी बंद करू नका, आणि ती गोळी चहाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळी होईल, ती गोळीमुळे.